ड्रॉडाउनच्या रेशोवरून फंड बदलू का?

प्रश्न : मी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे, वय 52. ऑगस्ट 2016 पासून सात वर्षं एका इक्विटी फंडात महिना 8,000 ची एसआयपी केली, नंतर थांबवली. आज त्याचे 12 लाख झालेत. पुतण्याने मोबाईलवर एका अ‍ॅपमध्ये तुलना काढून दाखवली. माझा फंड (याला ‘अ’ म्हणू) : दहा वर्षांत वार्षिक परतावा 13 टक्के, मॅक्झिमम ड्रॉडाउन 36 टक्के, रेशो 0.36. दुसरा फंड ‘ब’, नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेला : परतावा 16 टक्के, ड्रॉडाउन 18 टक्के, रेशो 0.89. पुतण्या म्हणतो, काका, अडीचपट चांगला आहे, सगळं काढा आणि ‘ब’मध्ये टाका. 2020 ला मी घाबरलो नव्हतो, पण आता मुलीची इंजिनिअरिंगची फी दीड वर्षात सुरू होईल, साधारण चार लाख. दोन्ही फंडांच्या रोजच्या एनएव्हीची एक्सेल फाईल जोडली आहे. काय करू? — स. पा., इस्लामपूर

उत्तर : स. पा., या रेशोवरून फंड बदलू नका. फीच्या चार लाखांचं मात्र काहीतरी करायला लागेल, त्याकडे शेवटी येतो.

हा रेशो म्हणजे वार्षिक परतावा भागिले मॅक्झिमम ड्रॉडाउन, आणि ड्रॉडाउन म्हणजे शिखरापासून तळापर्यंतची घसरण. पुतण्याने भागाकार बरोबर केलाय. 16 भागिले 18 म्हणजे 0.89 आणि 13 भागिले 36 म्हणजे 0.36, यात चूक काढायला जागा नाही. घोळ तारखांत आहे. ‘ब’ फंड सुरू झाला नोव्हेंबर 2020 मध्ये. निफ्टी 50 चा जानेवारी 2020 मधला उच्चांकी बंद भाव होता 12,362. तिथून तो 23 मार्चला 7,610 वर आला, म्हणजे दोन महिने नऊ दिवसांत 38.4 टक्के खाली. आणि 9 नोव्हेंबर 2020 ला तो 12,461 वर बंद झाला, जुना उच्चांक ओलांडून. म्हणजे सगळी पडझड होऊन, भरून निघाल्यावर ‘ब’ बाजारात आला. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरातच होती. दिवाळीत बांधून झालेल्या घराचं छत गळत नाही, असं होळीला सांगितलं तर ते खोटं नसतं, पण त्यावर कोणी घर विकत घेत नाही.

आता ‘ब’च्या 18 टक्के घसरणीकडे पाहा. तुमच्या फाईलमध्ये ती ऑक्टोबर 2021 ते जून 2022 या काळातली आहे. त्याच काळात निफ्टी 18,477 वरून 15,293 वर आला होता, म्हणजे 17.2 टक्के. नोव्हेंबर 2020 नंतरच्या पाच वर्षांत बंद भावांवर मोजलेली निफ्टीची सर्वांत मोठी घसरण हीच. सप्टेंबर 2024 च्या 26,216 वरून मार्च 2025 च्या 22,083 पर्यंतची पडझड लोकांच्या चांगली लक्षात आहे, पण ती 15.8 टक्क्यांवर थांबली. तेव्हा ‘ब’च्या मॅनेजरने काही विशेष सांभाळून नेलं असं नाही. मुळात बाजारच तेवढा पडला, आणि ‘ब’ त्याच्यापेक्षा किंचित जास्त पडला.

मग मी तुमच्या फाईलमध्ये ‘अ’ची सुरुवातही ‘ब’च्या पहिल्या तारखेला आणली. त्याआधी एक दुरुस्ती करावी लागली. तुम्ही ‘अ’चा ग्रोथ पर्याय न घेता आयडीसीडब्ल्यू पर्याय उतरवून घेतला होता, म्हणजे पूर्वी ज्याला डिव्हिडंड पर्याय म्हणायचे तो. त्यात फंड पैसे वाटतो त्या दिवशी एनएव्ही तेवढ्याने उतरते. तुमच्या रकान्यात एका दिवशी बाजार शांत असताना 6 टक्के गेलेले दिसले, तेव्हाच शंका आली. तो तोटा नव्हता, वाटलेली रक्कम होती. पण सूत्राला हे कळत नाही, ते त्यालाही घसरणच समजतं. तेव्हा अ‍ॅम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून एनएव्ही घेताना दोन्ही फंडांची ग्रोथ एनएव्ही घ्या, आणि दोन्ही डायरेक्ट नाहीतर दोन्ही रेग्युलर. एक डायरेक्ट आणि एक रेग्युलर घेतलात तर परताव्यातला फरक फंडाचा नसून कमिशनचा निघतो.

दुरुस्त केलेल्या रकान्यावर, ‘ब’च्या जन्मतारखेपासून मोजल्यावर, ‘अ’चा वार्षिक परतावा आला 15.6 टक्के आणि सर्वांत मोठी घसरण 16.8 टक्के. रेशो 0.93. म्हणजे ज्याला तुम्ही अडीचपट वाईट समजत होतात तो ‘ब’पेक्षा केसभर पुढे निघाला. पण ‘अ’ जिंकला असंही म्हणू नका. 0.93 आणि 0.89 यांत मला काही फरक दिसत नाही. एका आठवड्यात ‘ब’ने एक टक्का कमी गमावला असता तर क्रम उलटा झाला असता.

तुम्ही अकाउंट्सवाले आहात, तेव्हा हा हिशेब अ‍ॅपवर न सोडता स्वतः करा. दहा मिनिटांचं काम आहे. A रकान्यात तारीख, B रकान्यात एनएव्ही, सर्वांत जुनी तारीख वर. मग :

```
C2:  =MAX(B$2:B2)
D2:  =B2/C2-1
F1:  =MIN(D2:D2500)
```

C2 आणि D2 खालपर्यंत ओढा. C मध्ये त्या दिवसापर्यंतचं शिखर येतं, D मध्ये त्या शिखरापासून आज आपण किती खाली आहोत ते, आणि F1 मध्ये सगळ्यांत खोल खड्डा. B$2 मधलं डॉलरचं चिन्ह टाकायचं विसरलात तर खाली ओढताना जुनं शिखर विसरलं जातं आणि घसरण सगळीकडे शून्यच दिसते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. D रकाना एकदा डोळ्यांखालून घाला. त्यात शून्य म्हणजे नवा उच्चांक, आणि दोन शून्यांच्या मधला काळ म्हणजे पैसे पाण्याखाली असलेला काळ. F1 मधल्या एका आकड्यापेक्षा हा रकाना मला जास्त सांगून जातो.

रोजची एनएव्ही वापरलीत हे चांगलं केलंत. बरीच तुलनापत्रकं महिनाअखेरचे आकडे घेतात. निफ्टीचाच 2020 घ्या. महिनाअखेरचं शिखर डिसेंबर 2019 चं, 12,168. मार्च 2020 अखेर 8,598. घसरण 29.3 टक्के. रोजच्या भावांनी 38.4 आली होती. 23 मार्चचा तळ महिनाअखेरीच्या आत दडून गेला. समजा वार्षिक परतावा 12 टक्के धरला, तर रोजच्या हिशेबाने रेशो 0.31 आणि महिन्याच्या हिशेबाने 0.41. एकाच निर्देशांकाचे दोन रेशो. म्हणून एका फंडाचा आकडा एका ठिकाणचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या ठिकाणचा, असं कधी ताडून पाहू नका.

आता मुख्य गोष्ट, जी अ‍ॅपवर लिहिलेली नसते. या अपूर्णांकातला अंश आणि छेद दोन वेगळ्या जातींचे आहेत. वर आहे तो वार्षिक परतावा, म्हणजे सरासरी. दहा वर्षांचा असो की पाचचा, तो साधारण एका पट्ट्यात फिरतो. खाली आहे तो कमाल, म्हणजे एकदा 36 झाला की पुढे कितीही चांगली वर्षं गेली तरी कमी होत नाही, वाढू मात्र शकतो. त्यामुळे फंडाचं वय वाढलं की सुरुवातीपासून मोजलेला रेशो बहुधा घसरत जातो. जुन्या फंडाने काही बिघडवलेलं नसतं, त्याने नुसते जास्त पावसाळे पाहिलेले असतात. तुमच्या पुतण्याने दहा वर्षांचा म्हातारा आणि पाच वर्षांचा पोरगा शेजारी उभे केले, आणि कोणाच्या अंगावर जास्त व्रण आहेत ते मोजलं.

हा दोष जुन्या लोकांना ठाऊक होता. टेरी यंग यांनी 1991 मध्ये हा रेशो कॅलमार या नावाने मांडला तेव्हा खिडकी ठरवून दिली होती : शेवटचे 36 महिने, महिनाअखेरचे आकडे, सगळ्यांना तोच काळ. अमेरिकेतल्या फ्युचर्स फंडांसाठी ते माप होतं, आणि त्यांना ते बसत होतं. आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये कुठे तीन वर्षं, कुठे पाच, कुठे सुरुवातीपासून, आणि ते बारीक अक्षरात.

पण ठरलेली खिडकीही चकवते. तीन वर्षांचा कॅलमार निफ्टीवर लावून पाहू, लाभांश बाजूला ठेवून. फेब्रुवारी 2023 अखेर उभं राहून मागे पाहिलं तर खिडकी सुरू होते फेब्रुवारी 2020 अखेर, 11,202 वर, आणि संपते 17,304 वर. वार्षिक 15.6 टक्के. खिडकीतल्या पहिल्याच महिन्यात 23.2 टक्क्यांची घसरण. रेशो 0.67. आता एकच महिना पुढे या. मार्च 2023 अखेर निफ्टी 17,360, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. पण खिडकीची सुरुवात आता 8,598 वर, थेट खड्ड्यातून. परतावा वार्षिक 26.4 टक्के झाला, कारण पाया खाली गेला. मार्च 2020 ची घसरण खिडकीबाहेर पडली, आणि आत उरली ती ऑक्टोबर 2021 ते जून 2022 ची, महिनाअखेरच्या हिशेबाने 10.7 टक्के. रेशो 2.47.

0.67 वरून 2.47, एका महिन्यात, आणि बाजार पाव-अर्धा टक्का हलला. अंशही वाढला आणि छेदही घटला, दोन्ही एकाच कारणाने. 2023 च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन वर्षांचे असे देखणे आकडे दाखवून किती फंड विकले गेले असतील, याचा विचार केला की मला कपाळाला हात लावावासा वाटतो. तेव्हा कोणताही रेशो समोर आला की आधी त्याची पहिली तारीख विचारा. ती तारीख एखाद्या मोठ्या पडझडीच्या लगेच नंतरची असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. तुमच्या ‘ब’ची तारीख अगदी तळातली नाही, पण पडझडीच्या पलीकडची आहे, एवढा फरक.

मग ‘ब’च्या पोटात खरा धोका किती धरायचा? त्याचा 2020 चा आकडा नाहीच, त्यामुळे तो काढता येणार नाही, अंदाजच करावा लागेल. तुमच्या फाईलसोबतच्या फॅक्टशीटप्रमाणे ‘ब’ 96 टक्के शेअरमध्ये आहे. 2022 मध्ये तो निफ्टीपेक्षा थोडा जास्त पडला. म्हणून 2020 सारखं वर्ष पुन्हा आलं तर तो 38-40 टक्के पडेल असं धरून चाला. ‘अ’ 36 पडलेला आहे, तो पुन्हा तेवढा पडेल असं धरा. आणि 36 ही सीमा नव्हे, आजवरची नोंद आहे. 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता, 9 मार्च 2009 ला 8,160 वर. 61 टक्के. तुमच्या दहा वर्षांच्या खिडकीत ते वर्ष नाहीच.

तिथून आणखी एक गोष्ट दिसते. 2020 मध्ये निफ्टी शिखरावर परत यायला दहा महिनेही लागले नाहीत. 2008 च्या शिखरावर बंद व्हायला सेन्सेक्सला नोव्हेंबर 2010 उजाडावा लागला, जवळजवळ दोन वर्षं दहा महिने. रेशोच्या छेदात खोली येते, हा काळ येत नाही. ज्याला दीड वर्षात फी भरायची आहे त्याला खोलीपेक्षा हा काळ जास्त महाग पडतो.

तुम्ही लिहिलंत की 2020 ला घाबरला नव्हतात. विश्वास ठेवतो. पण जानेवारी 2020 पर्यंत तुमचे 42 हप्ते गेले होते, 3,36,000 रुपये. खात्यात चारेक लाख असतील. त्याचे 36 टक्के म्हणजे 1,44,000, आणि हप्ते चालू असल्याने पुढची युनिटं स्वस्तात मिळत होती. आज 12 लाखांचे 36 टक्के म्हणजे 4,32,000. उरतील 7,68,000, आणि पुन्हा 12 लाखांवर यायला तिथून 56 टक्के चढावं लागेल. नवे हप्तेही आता येत नाहीत. टक्का तोच आहे, पण मुलीच्या फीला जेवढे पैसे लागतात त्याहून जास्त रुपये त्यात जातात. ड्रॉडाउनचा टक्का स्वतःच्या शिल्लकेला लावून रुपयात वाचायचा, तोही आजच्या शिल्लकेला.

म्हणून चार लाख बाहेर काढा आणि एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. ‘ब’मध्ये नाही, ‘क’मध्ये नाही. उरलेले आठ लाख ‘अ’मध्येच राहू द्या. आता या नव्या मांडणीचा हिशेब करा. आठ लाख 36 टक्के पडले तर 2,88,000 जातात, एफडी जागेवर राहते. बारा लाखांवर ती घसरण 24 टक्के. परतावा, ‘अ’चा 13 आणि एफडीचा 7 धरला तर दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांशाने 11 टक्के. रेशो 11 भागिले 24, म्हणजे 0.46. आधी 0.36 होता. फंड तोच, मॅनेजर तोच, तरी रेशो सुधारला. कारण हा रेशो परताव्यातून एफडीचं व्याज वजा करत नाही, त्यामुळे सुरक्षित पैसा मिसळला की तो आपोआप वर जातो. उद्या पुतण्या एखादा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंड घेऊन आला आणि म्हणाला, काका, याचा रेशो 0.5 आहे, तर त्याला तुमचं हे 0.46 दाखवा. त्या फंडातही शेअर आणि रोखे मिसळलेलेच असतात. तुलना करायची तर अशा मिश्रणाशी करायची, नुसत्या इक्विटी फंडाशी नाही.

अजून एक, सगळं काढून ‘ब’मध्ये टाकण्याचा खर्च. तुम्ही 84 हप्ते भरलेत, 6,72,000. बारा लाखांतून नफा 5,28,000. युनिटं सगळी वर्षापेक्षा जुनी आहेत, म्हणजे दीर्घकालीन भांडवली नफा. वर्षाला 1,25,000 पर्यंत माफ, उरलेल्या 4,03,000 वर 12.5 टक्के आणि वर सेस, एकूण जास्तीत जास्त सुमारे 52,400 रुपये. 0.93 वरून 0.89 वर जाण्यासाठी ही किंमत मी तरी मोजणार नाही. फीसाठीचे चार लाखही एकदम काढू नका. त्यातला नफा दोन आर्थिक वर्षांत वाटला गेला तर बराचसा माफीत बसेल : दोन लाख यंदा मार्चच्या आत, दोन लाख एप्रिलनंतर. युनिटं आधी घेतली ती आधी विकली गेली असं धरतात, त्यामुळे तुमची 2016 सालची, म्हणजे सर्वांत जास्त नफ्यातली युनिटं पहिली जातील. चार लाखांतला नफा निम्म्याहून बराच जास्त निघेल, तेव्हा विकण्यापूर्वी फंडाच्या कॅपिटल गेन स्टेटमेंटवरून तो पाहून घ्या, आणि पहिल्या खेपेला नफा सव्वा लाखाच्या आत ठेवा, मग दोन लाखांना थोडे कमी मिळाले तरी चालेल.

फाईल दुरुस्त करून परत पाठवतोय. ‘अ’चा ग्रोथ रकाना पिवळा केलाय, जुना पुसलेला नाही, म्हणजे त्या 6 टक्क्यांच्या दिवशी काय झालं होतं ते पुतण्यालाही दाखवता येईल.